केळी खरेदी करार, कलम ९.२ : चार ओळींत सारांश सांगाल का?

तापीकाठची (चोपडा तालुका), शुक्रवार सकाळ

नमस्कार मंडळी. आमच्या गटाला एका खाजगी कंपनीनं निर्यातीच्या केळीचा करार पाठवलाय. कटाई दोन महिन्यांवर आली आहे आणि सोमवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक आहे. गटाचा हिशेब मी लिहिते, म्हणून कराराचा अर्थ वाचून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. खत, फ्रूट केअर, स्कर्टिंग बॅगचा खर्च, हे सगळं समजलं. अडलंय ते भावाच्या कलमापाशी. पीडीएफ आमच्या अध्यक्षांकडं आहे. त्यांनी मोबाईलवर कलम कॉपी करून मला व्हॉट्सॲपला पाठवलं, ते जसंच्या तसं खाली देते.

> ९.२ वर नमूद केलेल्या अटींच्या अधीन राहून, खरेदीदार हा उत्पादकाच्या स्वीकृत मालास कटाईच्या दिवशीच्या बऱ्हाणपूर बाजाराच्या जाहीर दरापेक्षा प्रतिक्विंटल रु. १५०/- जादा दर देईल आणि सदर रक्कम ७ दिवसांत उत्पादकाच्या बँक खात्यात जमा करील. मात्र खालीलपैकी कोणतीही बाब घडल्यास खरेदीदारावर सदर दर देणे बंधनकारक राहणार नाही :
> (अ) कटाईची तारीख उत्पादकाच्या विनंतीवरून बदलल्यास;
> (इ) जाहीर दर प्रतिक्विंटल रु. २,०००/- च्या वर गेल्यास, आणि अशा वेळी खरेदीदार उत्पादकास

आजोबांनाही ऐकून कळेल असा चार ओळींचा सारांश हवा आहे. आज मिळाला तर फार बरं.

---

यावल_एक्सप्रेस

ताई, सोपं आहे. बऱ्हाणपूरच्या भावावर दीडशे रुपये जास्त, पैसे आठवड्यात खात्यावर. भाव दोन हजारांच्या वर गेला तर पुन्हा बसून ठरवतील. आमच्याकडं व्यापारी कटाईला येतो तेव्हा ठरलेला भाव बांधावरच शंभरानं खाली आणतो, त्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. करून टाका सही.

---

दस्तवाला_काका (भुसावळ)

ताई, आज सारांश सांगू नका. आधी कलमाचा राहिलेला मजकूर मागवा.

शेवटची ओळ "खरेदीदार उत्पादकास" या शब्दावर तुटली आहे. यावलभाऊ, "पुन्हा बसून ठरवतील" हे तुम्ही कुठं वाचलंत? या मजकुरात तरी ते नाही. मी नोकरीची सगळी वर्षं जिनिंगच्या खरेदीचे करारनामे तयार करण्यात घालवली. अशी ओळ पुढं तीन तऱ्हेनं जाताना पाहिली आहे. एक म्हणजे "उत्पादकास परस्पर संमतीने ठरेल तो दर देईल", तुम्ही म्हणता तसं. दुसरी, "उत्पादकास माल अन्यत्र विकण्यास मोकळीक देईल". ही शेतकऱ्याच्या फायद्याची, कारण भाव चढलेला असताना तो मोकळा होतो. तिसरी, "उत्पादकास कमाल अमुक इतकाच दर देईल". म्हणजे तेजीतला सगळा फायदा खरेदीदाराचा. या तिघांतली कुठली, ते न बघता केलेला सारांश म्हणजे आपल्याच मनातला करार.

आणि तुटलेली शेवटची ओळ सगळ्यांना दिसते, पण (अ) नंतर थेट (इ) आलाय. (आ) कुठं गेला?

अध्यक्षांना एवढाच निरोप पाठवा, म्हणजे त्यांना पुन्हा शोधाशोध नको :

> नाना, कलम ९.२ मधला दोन ठिकाणचा मजकूर माझ्यापर्यंत आला नाही. एक, (अ) मधल्या "विनंतीवरून बदलल्यास;" नंतर (इ) सुरू होईपर्यंत जे असेल ते. दोन, (इ) मधल्या "अशा वेळी खरेदीदार उत्पादकास" पासून ९.३ चा आकडा येईपर्यंत सगळं. कॉपी करू नका, त्या पानांचा फोटो काढा. पानाचे चारी कोपरे आणि खालचा पान नंबर दिसू द्या.

९.१ आणि "स्वीकृत माल" कशाला म्हटलंय ती व्याख्या, हेही लागेल, कारण कलमाची सुरुवातच "वर नमूद केलेल्या अटींच्या अधीन राहून" अशी आहे. पण ते दुसऱ्या खेपेला मागा. एकदम दहा गोष्टी मागितल्या की माणूस वैतागून "सगळं ठीक आहे" म्हणतो आणि एकही पाठवत नाही.

---

यावल_एक्सप्रेस

काका, अंदाज सांगितला. बहुतेक ठिकाणी तसंच असतं.

---

दस्तवाला_काका

बहुतेक ठिकाणी काय असतं हे ताईंनी विचारलेलं नाही हो. त्यांच्या कागदात काय आहे ते विचारलंय.

---

साक्री_सौर

माझा अनुभव सांगतो, विषय जमिनीच्या भाड्याचा आहे पण गत तीच. सौर प्रकल्पासाठी आमची पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेताना दलालानं एक ओळ पाठवली होती, "भाड्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होईल". सगळे खूष. मूळ करारात त्याच वाक्याला पुढं शेपूट होतं, "प्रकल्पातून वीज पुरवठा सुरू झाल्याच्या तारखेपासून". प्रकल्प उभा राहायला वेळ लागला आणि तेवढा काळ भाडं जागचं हललं नाही. दलाल खोटं बोलला असं म्हणता येत नाही. ओळ त्यात होतीच. फक्त अर्धी.

---

पारोळेकर

काका, तुमचं म्हणणं पटतं, पण ताईंची बैठक सोमवारी आहे. अध्यक्षांनी फोटो पाठवलाच नाही तर? जेवढं दिसतंय तेवढ्याचा तरी सारांश द्या की. काहीच न सांगण्यापेक्षा अर्धं सांगणं बरं. लोक पारावर जमतात, त्यांना "माहीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही.

---

दस्तवाला_काका

बरोबर आहे तुमचं. पण दिसतंय ते सांगणं वेगळं आणि सारांश म्हणून सांगणं वेगळं. आज ताईंना एवढं बोलता येईल : "बऱ्हाणपूरच्या भावावर दीडशे जादा असं लिहिलंय, पण ते कधी लागू होणार नाही याचीही यादी आहे. त्या यादीतली दोन कारणं दिसतात. कटाईची तारीख आपण बदलायला सांगितली तर, आणि भाव दोन हजारांच्या वर गेला तर. दोन हजारांच्या वर गेल्यावर काय मिळेल ते आपल्याकडं आलेलं नाही. यादीतलं आणखी एक कारण गळालेलं दिसतंय."

हे बोलायला हरकत नाही, कारण यात राहिलेली जागाही सांगितली आहे. "दीडशे जादा मिळणार" एवढंच बोललात तर पारावरून घरी जाताना लोकांच्या डोक्यात तेवढंच राहतं. "पण ते कलम अर्धं होतं" हे घरी कोणी सांगत नाही.

---

नवापूरचा_राजू

करार शंभरच्या स्टॅम्पवर केला तर चालतो का? आणि नोंदणी लागेल का? मागं आमचा ट्रॅक्टर भाड्यानं दिला होता तेव्हा शंभरचाच घेतला होता.

---

पारोळेकर

राजूभाऊ, हा प्रश्न या धाग्याचा नाही. तरी सांगतो, शंभर-दोनशेचे दिवस गेले. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कागदांना पाचशेचा लागतो. नोंदणीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथं ताईंचं काम अडेल.

---

धुळ्याना_आप्पा

ऐका भो. घडना खालना अर्धा भाग कापी लई जायेल शे, आन् तुम्ही म्हणतस रास सांगा. कशी सांगशाल? पहिले आखा घड आना.

---

तापीकाठची

आप्पा 😄 निरोप पाठवलाय. अध्यक्ष शेतात आहेत, संध्याकाळपर्यंत बघतो म्हणाले. "पोरी, मी सगळंच कॉपी केलं होतं" असंही म्हणाले.

---

दस्तवाला_काका

त्यांनी केलंही असेल. मोबाईलवर पीडीएफमधला मजकूर निवडताना बोट बहुतेक वेळा त्या पानापुरतंच चालतं. कलम दोन पानांवर पसरलेलं असलं की माणूस पहिलं पान कॉपी करतो, मग दुसरं. पहिल्या पानाच्या शेवटच्या एकदोन ओळी बोटाखाली दबून सुटतात. (आ) तिथंच गेला असावा असा माझा कयास आहे. म्हणून तर फोटो मागायला सांगितला. फोटोत सुटलेली ओळ लपत नाही.

---

शिरपूर_आयटी

किंवा टायपिंगची चूक असेल. कोणीतरी (अ) नंतर चुकून (इ) टाकलं. सरकारी कागदांतसुद्धा असले घोळ दिसतात. नसलेलं उपकलम शोधत बसाल.

---

दस्तवाला_काका

तेही शक्य आहे, नाही म्हणत नाही. पण ते ठरवायचा रस्ता एकच, मूळ पान बघणं. चूक निघाली तर पाच मिनिटं वाया गेली. चूक नसेल तर एक अट वाचायची राहते आणि सही मात्र तिच्यावरही होते.

---

चाळीसगाव_कापूस

पूर्ण करार इथंच टाका ना ताई, सगळे मिळून वाचू. एकेक तुकडा कशाला मागायचा?

---

दस्तवाला_काका

नको. करारात तुमच्या माणसांची नावं, गट नंबर, बँक खातं, आधार, मोबाईल असतं. शिवाय अशा करारांत अटी बाहेर न सांगण्याचं कलम असू शकतं. असेल तर कंपनीचं नाव इथं न आलेलंच बरं. लागणाऱ्या ओळी हातानं टाईप करा. फोटो टाकायचाच असेल तर त्या जागा झाकून टाका.

---

तापीकाठची, शुक्रवार रात्र

पान ७ चा फोटो आला. (इ) पुढं असं आहे :

> ...आणि अशा वेळी खरेदीदार उत्पादकास प्रतिक्विंटल रु. २,०००/- हा कमाल दर देईल. तसेच उत्पादकास सदर माल अन्य कोणासही विकता येणार नाही.
> ९.३ वजन खरेदीदाराच्या पॅकिंग केंद्रावरील काट्यावर...

म्हणजे काकांनी सांगितलेली तिसरी तऱ्हा, वर विकायलाही बंदी. पान ६ चा फोटो अजून आलेला नाही. अध्यक्ष म्हणतात, "जे पाहिजे होतं ते मिळालं ना आता?"

---

यावल_एक्सप्रेस

हे तर वाईट आहे. गेल्या काही वर्षांत भाव दोन हजारांच्या वर गेलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत.

---

दस्तवाला_काका

आकडे मांडून बघा ताई, लोकांना आकड्यांनी कळतं. समजा शंभर क्विंटल स्वीकृत माल आहे.

जाहीर दर १,४०० असेल तर तुम्हाला १,५५० प्रमाणे १ लाख ५५ हजार. करार नसता तर १ लाख ४० हजार. इथं करार फायद्याचा आहे, हेही पारावर सांगा, एकच बाजू सांगू नका.

जाहीर दर २,४०० असेल तर तुम्हाला २ लाख. बाजारात २ लाख ४० हजार झाले असते. पहिल्या मजकुरावरून "दीडशे जादा" धरून चालला असतात तर २ लाख ५५ हजारांची आशा लागली असती.

आता यातली खरी गंमत बघा. जाहीर दर १,९९० असला तर दीडशे धरून तुम्हाला २,१४० मिळतात. दर वीस रुपयांनी वाढून २,०१० झाला की मिळतात २,०००. बाजार चढला आणि तुमचा भाव १४० रुपयांनी उतरला. मसुदा करणाऱ्यानं हे मुद्दाम ठेवलं की त्याच्या लक्षातच आलं नाही, ते मी सांगू शकत नाही. पण कंपनीशी बोलताना हा मुद्दा धरण्यासारखा आहे. "कमाल दर २,००० अधिक १५०" असं करून मागा. मग निदान ही उडी तरी राहत नाही.

आणि पान ६ सोडू नका. अध्यक्षांना सांगा, पुढचा भाग मिळाला, मधला राहिलाय.

---

शिरपूर_आयटी

पण त्या २०२० च्या शेती कराराच्या कायद्यात शेतकऱ्याला संरक्षण आहे ना? वाद झाला तर प्रांताकडं जाता येतं, असं वाचलं होतं.

---

पारोळेकर

तो कायदा २०२१ मध्येच रद्द झाला. तिन्ही कायदे एकदम मागं घेतले होते. त्याच्या भरवशावर राहू नका. वाद कुठं न्यायचा ते करारातच लिहिलेलं असेल, बघा बहुतेक मुंबई किंवा पुणे निघेल.

---

तापीकाठची, शनिवार दुपार

मंडळी, मीच अध्यक्षांच्या घरी गेले आणि त्यांच्या मोबाईलमधून पान ६ वाचलं. (आ) आहे! अगदी तळाशी, पान नंबराच्या वर.

> (आ) पॅकिंग केंद्रावरील तपासणीत एकूण मालाच्या १५ टक्क्यांहून अधिक माल नाकारला गेल्यास, अशा वेळी स्वीकृत मालासह संपूर्ण मालास परिशिष्ट 'ब' मधील दर लागू राहील;

९.१ पण बघितलं. "दर हा दांडा वगळून फण्यांच्या निव्वळ वजनावर देय राहील." स्वीकृत मालाची व्याख्या पान २ वर आहे, लांबी, जाडी, डाग वगैरे. ती नेहमीचीच वाटली. परिशिष्ट 'अ' आहे, त्यात खतांचं वेळापत्रक. परिशिष्ट 'ब' पीडीएफमध्ये नाहीच. शेवटचं पान १४, सह्यांच्या जागा, आणि संपलं.

---

यावल_एक्सप्रेस

ताई, ९.१ वर थांबा जरा. आपल्याकडं घड दांड्यासकट काट्यावर जातो आणि बऱ्हाणपूरचा भाव घडाचा असतो. इथं भाव घडाचा धरलाय आणि वजन मात्र फण्यांचं. दांड्याचं वजन तुमच्या हिशेबातून गेलं. दीडशे रुपये जादा दिसतात, त्यातले बरेचसे दांड्यातच जिरतील. घरच्या बागेतले चारदोन घड आधी दांड्यासकट मोजा, मग फण्या उतरवून मोजा, फरक स्वतःच बघा.

---

दस्तवाला_काका

यावलभाऊ, हे मला सुचलं नसतं. कागद मला कळतो, केळी तुम्हाला. ताई, सारांशात हे घ्याच.

आता (आ). शिरपूरकर, टायपिंगची चूक नव्हती. शंभर क्विंटलमधले पंधरा नाकारले तर उरलेल्या पंच्याऐंशीला पूर्ण भाव. सोळा नाकारले तर उरलेल्या चौऱ्याऐंशी चांगल्या क्विंटललाही परिशिष्ट 'ब' चा दर. म्हणजे एका क्विंटलवरून सगळ्या मालाचा भाव फिरतो. आणि तपासणी कुणाच्या केंद्रावर? खरेदीदाराच्या. कटाई झालेली, माल गाडीतून तिथं पोहोचलेला. तो परत आणून विकायचा म्हटलं तरी केळी थांबत नाही.

आणि तो दर काय, ते लिहिलेला कागदच तुमच्याकडं नाही. याचा सारांश मी करणार नाही, तुम्हीही करू नका. परिशिष्ट 'ब' मागवा.

---

चाळीसगाव_कापूस

जे परिशिष्ट दिलंच नाही ते बंधनकारक कसं? कोर्टात टिकणार नाही. बिनधास्त सही करा, उलट तुमचाच फायदा.

---

दस्तवाला_काका

इतकं सोपं नसतं भाऊ. सह्यांच्या वरच्या परिच्छेदात बघा, "सर्व परिशिष्टे या कराराचा अविभाज्य भाग असून उत्पादकाने ती वाचून समजून घेतली आहेत" अशा अर्थाची ओळ असते. ती असली आणि तुम्ही सही केली, तर "मला मिळालंच नव्हतं" हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. सिद्ध होणारच नाही असं नाही, पण तोवर केळी पिकून गेलेली असते आणि भाव कंपनीनं लावलेला असतो.

---

तापीकाठची

ओळ आहे काका. पान १४, जवळजवळ याच शब्दांत.

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "परिशिष्ट ब दर हंगामाला बदलतं, कटाईच्या वेळी देऊ. काळजी करू नका, बाजारभावापेक्षा थोडंच कमी असतं."

---

पारोळेकर

"थोडंच कमी" म्हणजे किती, हे विचारलंत का?

---

तापीकाठची

विचारलं. "ते वरून येतं" म्हणाला.

---

दस्तवाला_काका

फोनवर मागितलेलं कुठं उरत नाही. ईमेल करा, नाहीतर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. लांबड नको :

> करारातील कलम ९.२ (आ) मध्ये परिशिष्ट 'ब' चा उल्लेख आहे. आम्हाला मिळालेल्या १४ पानांच्या प्रतीत ते परिशिष्ट नाही. कृपया या हंगामासाठी लागू असलेले परिशिष्ट 'ब' पाठवावे. तसेच ९.२ (आ) मधील "एकूण मालाच्या" म्हणजे एका गाडीचा माल, एका कटाईचा माल की संपूर्ण हंगामाचा माल, हे लेखी कळवावे. ते मिळाल्यानंतर आमचा गट सहीबाबत निर्णय घेईल.

पानांचा आकडा मुद्दाम घातलाय. तुमच्याकडं नेमकं काय पोहोचलं होतं याचा तो पुरावा होतो.

---

यावल_एक्सप्रेस

एकूण माल म्हणजे गाडीचाच धरतात काका. गाडी उतरली की तिथल्या तिथं तपासणी होते.

---

दस्तवाला_काका

धरत असतील. लिहिलेलं नाही. गाडीवर धरलं तर एक वाईट गाडी तेवढ्यापुरती बुडते, बाकीच्या वाचतात. हंगामावर धरलं तर आधीच्या चांगल्या गाड्या वाईट गाडीला सांभाळून घेतील, पण टक्केवारी पंधराच्या पुढं गेली की आधी दिलेले पैसेही परत मागता येतील का, हा प्रश्न उभा राहतो. यातलं शेतकऱ्याला कोणतं बरं ते बागेवर अवलंबून आहे. मला आत्ता सांगता येणार नाही.

---

साक्री_सौर

मी तर म्हणतो गटातल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा की गटाचा एकत्र, हेही विचारा. माझी बाग चांगली आणि शेजाऱ्याची खराब, तर माझा भाव का पडावा?

---

दस्तवाला_काका

हे महत्त्वाचं आहे. "उत्पादक" म्हणजे गट की एकेक शेतकरी, ते पान २ च्या व्याख्यांत असेल. ताई, तेवढं बघा.

---

तापीकाठची, रविवार रात्र

बघितलं. "उत्पादक म्हणजे करारावर सही करणारा गट व त्याचे सर्व सभासद." साक्रीभाऊ, तुमची शंका रास्त निघाली. हा प्रश्नही संदेशात जोडून पाठवला. उत्तर आलेलं नाही.

उद्या पारावर हे वाचून दाखवणार आहे. काही खटकलं तर रात्रीतून सांगा.

> भावाचं कलम : बऱ्हाणपूरच्या त्या दिवशीच्या भावावर क्विंटलला दीडशे रुपये जादा, पैसे सात दिवसांत. पण वजन दांडा काढून होणार, त्यामुळं दीडशे पूर्ण हातात येत नाहीत.
> तीन वेळा हा भाव मिळणार नाही. आपण कटाईची तारीख बदलायला सांगितली तर. बाजार दोन हजारांच्या वर गेला तर, तेव्हा फक्त दोन हजार मिळतील आणि बाहेर विकताही येणार नाही. शंभरातला पंधराहून जास्त माल त्यांनी नाकारला तर, तेव्हा चांगल्या मालालाही वेगळा दर लागेल.
> तो वेगळा दर किती, ते ज्या कागदावर आहे तो कागद कंपनीनं दिलेला नाही. पंधरा टक्के गाडीवर, कटाईवर की हंगामावर, आणि एकेकाचे की सगळ्या गटाचे, हेही ठरलेलं नाही. दोन्ही लेखी मागितलंय.

---

दस्तवाला_काका

चांगलं झालंय. एकच भर. (अ) मध्ये तारीख बदलली तर "हा दर बंधनकारक नाही" एवढंच आहे, मग कुठला दर, ते दिलेलं नाही. (आ) आणि (इ) मध्ये पर्यायी दर आहे, (अ) मध्ये नाही. इथं कॉपी करताना काही सुटलेलं नाही, मूळ करारातच मोकळी जागा आहे. तीही वाचून दाखवा आणि कंपनीला विचारायच्या यादीत घाला.

---

पारोळेकर

पाऊस लागला, मजूर मिळाले नाहीत, म्हणून तारीख पुढं ढकला म्हटलं तर ती "उत्पादकाची विनंती"च धरणार ना?

---

दस्तवाला_काका

धरता येईल असंच वाक्य आहे. "नैसर्गिक कारण वगळता" असे शब्द घालून मागा. अशा कारणांचं वेगळं कलम करारात शेवटाकडं असू शकतं. ताई, उद्या सकाळी वेळ झाला तर पान ११-१२ चाळा, तिथं काही आहे का ते कळवा.

---

तापीकाठची

पान १२ वर "अपरिहार्य परिस्थिती" असं शीर्षक आहे. सकाळी टाईप करून टाकते. या खेपेला पहिल्या शब्दापासून पुढच्या कलमाच्या आकड्यापर्यंत.